सकाळची गढूळ बाटली

माझं पोट फाडायची तारीख ठरली, तेव्हा माझ्या नवऱ्याला कुणी एक धड प्रश्नसुद्धा विचारलेला नव्हता.

हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे घडलं त्यात कुणाकुणाची दया यायला लागेल. येऊ द्या. पण हे वाक्य विसरायचं नाही.

पंच्याहत्तर सालची गोष्ट. वसंत कस्टम्समध्ये होता आणि आम्ही खिदिरपूरला, गोदीपासून जवळच, सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मी, म्हणजे शकुन, वसंत आणि माझ्या सासूबाई. सासूबाई आणि वसंत बदलीच्या वाटेने मुंबईहून आलेले. मी मात्र इथलीच. माझे आजोबा कलकत्त्याला शाळामास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. मराठी मी घरात शिकले, बंगाली रस्त्यावर. बंगाली वसंतला कधी आलं नाही आणि सासूबाईंना येऊ द्यायचं नव्हतं. ही गोष्ट पुढे कामाला आली.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मूल नाही म्हणजे बाईत खोट, ह्याला पुरावा लागत नाही. माझी गर्भपिशवी दोनदा खरवडून झाली. नळ्या मोकळ्या आहेत का बघायला खालून पोटात वायू भरला. तो वर चढतो आणि खांद्यात अशी कळ येते की कुणी आतून खिळा ठोकतंय असं वाटावं. डॉक्टर म्हणाले, खांदा दुखला ना, मग नळ्या उघड्या आहेत, चांगलं लक्षण. रोज सकाळी डोळे उघडायच्या आत जिभेखाली थर्मामीटर धरून बसायचे आणि रेघा काढायचे. रेघ दर महिन्याला जिथे चढायला हवी तिथे चढायची. माझ्या शरीराने जे जे दाखवायचं ते सगळं दाखवून झालं होतं.

एवढं होऊनही डॉ. बागची म्हणाले, आता पोट उघडून प्रत्यक्ष बघू या. हे बागची मोठे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्या इस्पितळाच्या भिंतीवर लाल त्रिकोण रंगवला होता, दोन मुलं पुरे म्हणून. नसबंदी करून घेणाऱ्याला सरकार पैसे देत होतं. ज्याला एकही नाही त्याच्यासाठी त्या भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं.

सासूबाईंना तारीख पसंत पडली, कारण ती श्राद्धपक्षात येत नव्हती.

त्याआधीच्या चैत्रात माझ्या जाऊबाईंचं, श्रीकांतभावोजींच्या बायकोचं, नलिनीवहिनींचं डोहाळजेवण बराकपूरला झालं. तिसऱ्या खेपेचं कुणी डोहाळजेवण करत नाही, पण त्यांना हौस. मी पहाटे उठून त्यांच्यासाठी फुलांची वाडी गुंफली होती, मुंडावळ्यांसारखी लांब. ओटी भरायची वेळ आली तशी मी ताट घेऊन पुढे झाले. सासूबाईंनी ताट माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू आत बघ गं, कढी उतू जाईल." कढी केलेलीच नव्हती. सगळ्या बायकांना माहीत होतं की कढी केलेली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या शेगडीपुढे उभी राहिले.

आता वसंतबद्दल.

वसंतला बाविसाव्या वर्षापासून मधुमेह. रोज सकाळी मी काचेची सिरिंज उकळायची, मग त्याची लघवी तपासायची. ज्या घरात हा आजार आहे त्या घरात हा विधी पूजेइतका ठरलेला असतो. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटेसारखं लाल झालं तर त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. त्यावरून इन्सुलिन ठरायचं. वसंतला ह्याची किळस होती, म्हणून ते काम माझ्याकडे. माझ्या किळसेचं काय, हा प्रश्न निघाला नाही.

तर ज्या बाटलीत तो सकाळची लघवी धरून द्यायचा, तिच्यात मला एक गोष्ट दिसायची. एरवी लघवी स्वच्छ असायची. पण आम्ही रात्री एकत्र आलो की सकाळची बाटली गढूळ. तांदळाचं पाणी मिसळल्यासारखी. मी आधी समजले मूत्रपिंडाचं काही असेल आणि घाबरले. मग लक्षात आलं की ती त्याच रात्रींनंतर गढूळ असते, इतर दिवशी नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, जी लिहायची नसते असं म्हणतात. त्या रात्रींत शेवटी काही बाहेर येतच नव्हतं. वसंतला सुख व्हायचं, तो थांबायचा, दमायचा, सगळं पुरुषासारखं. पण ओलं काही नाही. लग्नाच्या सुरुवातीला असायचं. मग कमी कमी होत गेलं आणि थांबलं. अलीकडे तर उभारीही कधी टिकायची, कधी नाही, आणि नाही टिकली की तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, वयाने होतं असं. त्याचं वय तेव्हा पस्तिशीच्या आत.

त्याच्या तपासणीचं नाव काढलं की घरात वीज पडल्यासारखं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, खांबेट्यांच्या घरात असली खोट कधी नव्हती. शेवटी बागचींनीच सांगितलं म्हणून वसंत एकदा प्रयोगशाळेत गेला. कागद आला: नमुना मिळाला नाही. बागचींनी तो वाचून मान हलवली. त्यांना वाटलं, माणूस लाजला, हात हलवू शकला नाही. विषय संपला. ज्या माणसाचा नमुना मिळत नाही तो निर्दोष आणि जिचे सगळे नमुने मिळाले तिचं पोट उघडायचं.

त्याच सुमारास सासूबाईंनी आम्हाला भवानीपूरच्या कुणा कविराजाकडे, म्हणजे इथल्या वैद्याकडे, पाठवलं. कविराजाने वसंतची नाडी बघून सांगितलं, धातू, म्हणजे वीर्य, लघवीवाटे जातोय. तो प्रत्येक पुरुषाला हेच सांगायचा, हे मला त्याच्या दारातच कळलं. आमच्या पुढच्या माणसालाही तेच आणि मागच्यालाही तेच. औषध म्हणून तुपात परतलेले, साखरेत घोळलेले लाडू दिले. मधुमेह्याला. तीन दिवस माझी नळी विटेसारखी लाल. चौथ्या दिवशी मी ते लाडू गोदीच्या रस्त्यावर हमालांच्या पोरांना वाटून टाकले आणि सासूबाईंना सांगितलं, संपले.

पण कविराजाचं वाक्य वसंतच्या मनात बसलं. बसणारच. त्याने स्वतः बघितलं होतं की बाहेर काही येत नाही आणि नंतर लघवी गढूळ होते. पोट उघडायच्या आधी बागचींनी आम्हाला दोघांना बोलावलं. भोवती चार-पाच शिकाऊ डॉक्टर होते. वसंतने एवढे दिवस दाबून ठेवलेलं त्या दिवशी बाहेर काढलं. हिंदीत, खाली बघत, शब्द शोधत. त्याला दुसरा शब्द माहीत नव्हता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मेरा धातू पेशाब में जाता है."

बागची हसले. चांगले मोठ्याने नाही, सुशिक्षित माणूस हसतो तसे, नाकातून. वसंतच्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाले, काळजी करू नका, शक्तीचं औषध लिहून देतो. आणि मग पोरांकडे वळून बंगालीत म्हणाले, बघा, हा आणखी एक धातू जाणारा. ह्या देशातल्या निम्म्या पुरुषांचा धातू लघवीतून जातो. ह्यांच्यावर खाली नाही, डोक्यावर इलाज करायचा असतो. पोरं हसली.

आमच्याशी त्यांचं बोलणं नेहमी इंग्रजी-हिंदीतच व्हायचं. त्यांना वाटलं, ही मराठी माणसं, ह्यांना काय कळतंय.

मला सगळं कळलं. वसंतला कळलं नाही, तो कृतज्ञतेने मान हलवत होता. तो हसरा, अडाणी, कृतज्ञ चेहरा मी आजही विसरले नाही. त्याच्याबद्दल तोपर्यंत माझ्या मनात राग होता. त्या क्षणापासून राग दुसरीकडे वळला.

आम्ही ट्रॅमने मैदान ओलांडलं. मग वसंतला बागची काय म्हणाले ते मराठीत सांगितलं. शब्दाला शब्द.  घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं की मी पोट उघडून घेणार नाही. त्यांनी विचारलं, का. मी म्हटलं, आधी ह्यांना बघा. त्या म्हणाल्या, त्याला बघितलं, काही निघालं नाही. मी म्हटलं, काही निघालं नाही, हेच तर निघालं.

घरात आठवडाभर कुणी माझ्याशी बोललं नाही. दोघांनाही जेवायला मात्र मीच वाढत होते.

त्याच इस्पितळातल्या मधुमेहाच्या दवाखान्यात वसंतला अधूनमधून जावंच लागायचं. त्या खेपेला जुने डॉक्टर रजेवर होते आणि टेबलामागे एक बाई बसल्या होत्या, डॉ. सुचित्रा लाहिरी. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज भाजीवाल्याशी घासाघीस केल्यासारखा करकरीत. साखरेचं विचारून झाल्यावर त्यांनी वसंतला बूट काढायला लावले. पायाला टाचणी टोचली. कळतंय का. अंगठ्याला कळत नव्हतं. उभं राहिल्यावर चक्कर येते का. येते. लघवी करून झाली तरी पोट भरल्यासारखं वाटतं का. वाटतं. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जशी साखर विचारली तशीच विचारलं, "बायकोजवळ जाता तेव्हा शेवटी वीर्य बाहेर येतं का?"

वसंत माझ्याकडे बघायला लागला. मी बंगालीत सगळं सांगितलं. कोरडं असतं. सकाळी बाटली गढूळ असते. त्याच रात्रींनंतर असते, एरवी नाही. आणि हेही सांगितलं की ह्यांनी एका मोठ्या डॉक्टरांना धातू लघवीतून जातो म्हणून सांगितलं तेव्हा ते हसले होते.

लाहिरीबाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं.

"शंभरातल्या नव्व्याण्णवांचं ते खूळ असतं," त्या म्हणाल्या. "ह्यांचं खरंच जातंय."

त्यांनी कागदावर मूत्राशयाची पिशवी काढली आणि तिच्या तोंडाशी एक आवळ, म्हणजे आवळून मिटणारा स्नायू. वीर्य सुटतं त्या क्षणी ही आवळ गच्च मिटते, म्हणून वीर्याला मागे जायला वाट नसते, ते पुढे येतं. ही आवळ मिटवण्याचा हुकूम ज्या नसा नेतात त्या जुन्या मधुमेहात मरत जातात. पायाच्या नसा मेल्या तशाच. हुकूम पोचत नाही, तोंड उघडं राहतं आणि वीर्य मागे पिशवीत जातं. पुढच्या लघवीत मिसळून बाहेर. उभारीचं जे होतंय तेही त्याच नसांमुळे आणि रक्तवाहिन्यांमुळे, वर मनाची भीती. ह्यात पौरुषाचा प्रश्न नाही, नसांचा आहे.

वसंत एकच वाक्य बोलला. "म्हणजे आहे? माझ्यात आहे?"

"ते बघावं लागेल," बाई म्हणाल्या.

बघायचं म्हणजे आधी लघवी करून पिशवी रिकामी करायची, मग एका खोलीत जायचं, मग लगेच जी लघवी होईल ती पूर्ण द्यायची. वसंत खोलीत गेला आणि बराच वेळाने घामेजून रिकाम्या हाताने बाहेर आला. इस्पितळाच्या त्या हिरव्या भिंतींमध्ये, बाहेर आयांचा गलबला चाललेला, कुणाला जमेल? मी म्हटलं, मी आत जाते. दारावरची आया म्हणाली, बाईमाणसाला आत सोडता येणार नाही. लाहिरीबाईंनी तिला विचारलं, मग काय शेजारणीला पाठवायचं? आया बाजूला झाली.

आत काय झालं ते आमचं आहे. बाहेर आलो तेव्हा बाटली गढूळ होती.

सूक्ष्मदर्शकात बाईंनी आधी मला बघायला लावलं. बारीक शेपटीचे ठिपके, पुष्कळ. बहुतेक सगळे निपचित. त्या म्हणाल्या, मेलेत, कारण लघवी आंबट असते आणि त्यात ह्यांची साखर. पण आहेत. पुष्कळ आहेत. मग वसंतने डोळा लावला. तो इतका वेळ बघत राहिला की प्रयोगशाळेतला माणूस कंटाळून चहाला निघून गेला.

माझ्या पोटाची तारीख मी स्वतः जाऊन रद्द केली.

लाहिरीबाईंनी पुढचे रस्ते सांगितले, गोड न करता. एक औषध आहे, दम्याला देतात, त्याने कधीकधी ती आवळ मिटते. परदेशात एखाददुसऱ्याला उपयोग झाल्याचं त्यांनी वाचलं होतं. ते देऊन बघितलं. वसंतची छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, आवळ उघडी ती उघडीच. नसा फार आधी गेल्या होत्या. दुसरा रस्ता, लघवीतूनच शुक्रजंतू जिवंत काढायचे आणि नेमक्या दिवशी माझ्या गर्भपिशवीत सोडायचे. त्यासाठी लघवीचा आंबटपणा मारायचा, साखर ताब्यात आणायची. ह्यात यश येईलच असं नाही. महिनोन्‌महिने लागतील, कदाचित कधीच येणार नाही. तिसरा, परक्याचं बीज. चौथा, दत्तक. आणि साखर सांभाळली तरी गेलेल्या नसा परत येणार नाहीत, पण आहेत त्या वाचतील, हे त्यांनी वसंतला तीनदा सांगितलं.

आत सोडायचं काम स्त्रीरोग विभागाचं. म्हणजे परत बागची. लाहिरीबाईंनी त्यांना समजावलं असावं. बागचींनी वसंतला एकट्याला आत घेतलं. बाहेर आला तेव्हा वसंतचा चेहरा हलका झालेला, आणि मला त्या हलकेपणाची भीती वाटली.

दोन दिवसांनी त्याने सांगितलं. बागची म्हणाले होते, ह्या लघवीच्या भानगडीत कशाला पडता. आमच्याकडे तरुण, निरोगी विद्यार्थी आहेत. एकाचं ताजं बीज वापरू. बायकोला सांगायची गरज नाही, तिला वाटेल तुमचंच. आईलाही नाही. कुणालाच नाही.

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"विचार करतो म्हणालो."

"माझ्या पोटात कुणाचं आहे हे मला न सांगता ठरवायचा विचार?"

तो म्हणाला, अगं, तसं नाही, लोक काय म्हणतील ह्याची भीती वाटते. धातूवाला म्हणतील. आई काय म्हणेल. मी म्हटलं, मला वांझ म्हणाले तेव्हा भीती कुठे गेली होती? रिकाम्या शेगडीवरची कढी बघायला मला पाठवलं तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत श्रीकांतभावोजींबरोबर पत्ते कुटत होतात.

परक्याचं बीज घ्यायला माझी ना नव्हती. हे नीट लिहिते. माझ्याशी बोलून, दोघांनी मिळून घेतलं असतं तर मी ते पोर डोक्यावर घेतलं असतं. पण मला न सांगता घालायचं म्हणजे मला गाय समजायचं. मी वसंतला सांगितलं, आपण तुमचंच करून बघू. पण मी त्या टेबलावर चढायच्या आधी तुम्ही आईंना सगळं सांगायचं. माझ्यासमोर. नाहीतर माझं पोट आहे तसं रिकामं राहील आणि मी ते मिरवेन.

त्याने सांगितलं. एकादशीच्या दिवशी, साबुदाण्याची खिचडी ताटात तशीच ठेवून. अडखळत सांगितलं, पण पुरं सांगितलं. दोष माझ्यात आहे, शकुनमध्ये नाही, कधीच नव्हता. लघवीतून काढून करावं लागेल.

सासूबाईंनी ताट सरकवून दिलं.

"म्हणजे मुतातलं पोर," त्या म्हणाल्या. "ते ह्या घरात देवाला हात लावणार?"

वसंत खाली बघायला लागला. तो खाली बघायला लागला की मला बोलावं लागतं.

"आई, मामंजी गेले त्यानंतर तेराव्याला तुम्ही सगळ्या घरात गोमूत्र शिंपडलंत. पंचगव्य करून आम्हाला पाजलंत. गाईचं चालतं. मुलाचं चालत नाही?"

त्या उठून देवघरात गेल्या. दार लावून घेतलं. मी त्यांची खिचडी झाकून ठेवली. रागातसुद्धा मी उपाशी कुणाला ठेवत नाही, हा माझा एक दुबळेपणा आहे.

लाहिरीबाईंनी सांगितल्याप्रमाणे वसंतने महिनाभर साखर सांभाळली. सकाळची नळी निळी यायला लागली, कधी फिकट हिरवी. थर्मामीटरच्या रेघेवरून दिवस ठरला. आदल्या रात्रीपासून तो खाण्याचा सोडा पाण्यात घालून पीत होता, वर तांब्याने साधं पाणी, म्हणजे लघवी आंबट राहू नये आणि दाटही राहू नये. सकाळी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्टीवर बघितलं, आंबटपणा गेला होता. इस्पितळात पिशवी रिकामी केली, आम्ही दोघं त्या हिरव्या खोलीत गेलो. आया ह्या वेळी काही बोलली नाही. वसंतने कोमट भांड्यात दिली ती लघवी दूध सांडल्यासारखी गढूळ.

आता पुढचं घाईचं. लघवीत ते फार वेळ जगत नाहीत. यंत्रात नळ्या घालून गरगर फिरवायच्या, म्हणजे शुक्रजंतू तळाला बसतात. वरचं ओतून टाकायचं आणि तळाचं मीठ-साखरेच्या द्रावणात मिसळायचं. लाहिरीबाईंनी नळ्या यंत्रात ठेवल्या, बटण दाबलं आणि दिवे गेले.

कलकत्त्यात तेव्हा दिवे जाणं म्हणजे काही बातमी नव्हती. लोडशेडिंग. पंखे थांबले, बाहेर कुणीतरी सरकारला शिवी दिली. मला रडू यायला लागलं. एवढं सगळं करून विजेच्या कंपनीपायी.

लाहिरीबाई कपाटाकडे गेल्या आणि एक जुनं यंत्र काढलं, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, हाताने दांडा फिरवायचं. प्रयोगशाळेतला माणूस ह्याही वेळी चहाला गेलेला. बाईंनी नळ्या समोरासमोर तोलून घातल्या आणि वसंतकडे बघितलं.

"फिरवा," म्हणाल्या. "झटके नकोत. एकसारखं."

वसंतने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि दांडा हातात घेतला. ज्या माणसाला स्वतःची बाटली बघायची किळस होती तो टेबलाशी वाकून ती गरगर फिरवत होता. घाम त्याच्या नाकावरून टपटपत होता. मी त्याला असं काम करताना कधी बघितलं नव्हतं. ऑफिसात नाही, घरात तर नाहीच.

तेवढ्यात दारात बागची. राऊंडला निघालेले, मागे पोरं. हे काय चाललंय म्हणून थबकले. मी बंगालीत म्हटलं, "या ना डॉक्टरबाबू. धातू जाणारा आहे. बघून जा." बागचींच्या तोंडावरचा रंग गेला, कारण त्यांना तेव्हा कळलं की त्या दिवशी मला काय काय कळलं होतं.

लाहिरीबाईंनी तळाचा एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शक खिडकीच्या उजेडात ओढला. ह्या वेळी ते हलत होते. सगळे नाही. पण पोहत होते. बागचींनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि मान वर करून पोरांना इंग्रजीत म्हणाले, फार रंजक केस आहे, ह्यावर आपण परिषदेत निबंध वाचू. माफीचा शब्द नाही. ज्याच्या दुःखाला तुम्ही हसलात तो आता तुमची केस झाला.

मी म्हटलं, माझ्या आत कोण सोडणार ते आधी ठरवा, वाचन मग. त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, तुम्ही नाही. लाहिरीबाईंच्या हाताखालच्या एका मुलीने बारीक नळीने ते थेंब आत सोडले. दुखलं नाही. खांद्यात कळ आली नाही. मी पाय उंच करून पडून राहिले आणि दिवे येईपर्यंत वसंत पुठ्ठ्याने मला वारा घालत होता.

त्या महिन्यात राहिलं नाही.

पाळी आली त्या दिवशी मी बाहेर बसले, सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे, वेगळ्या चटईवर. शेजारच्या, बँकेत असलेल्या साठ्यांच्या शैलावहिनी आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि माझ्याकडे बोट न दाखवता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढे सोपस्कार झाले हो. मूळ जमीनच नापीक, तिथे काय करणार."

वसंत खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते घडी करून ठेवलं. मला वाटलं आता उठून आत जाईल, नेहमीसारखा.

"आई," तो म्हणाला, "जमीन चांगली आहे. पाट माझा फुटलाय. तुला समजावून सांगितलं तेव्हा तू दार लावून घेतलंस, म्हणून वहिनींसमोर परत सांगतो."

आणि त्याने सांगितलं. शैलावहिनींना, ज्यांना सांगितलं म्हणजे दिवेलागणीच्या आत सगळ्या मराठी मंडळाला कळतं. आवळ, नसा, लघवी, दांड्याचं यंत्र, सगळं. शैलावहिनींचा चहा निवला. सासूबाई पदर तोंडाशी धरून बसल्या, आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या.

शेवटी शैलावहिनींनी विचारलं, मग पुढच्या महिन्यात परत जाणार का. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. त्यांच्या भावालाही तरुणपणापासून मधुमेह होता आणि त्याच्या बायकोला तिच्या सासरी काय म्हणायचे, हे त्यांना आत्ता आठवत असावं.

"जाणार," वसंत म्हणाला. "दिवे असले तरी फिरवायचं मीच म्हणून सांगून आलोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच बसलेली. एरवी ह्या दिवसांतही नळी आणि सिरिंज माझ्याकडेच बाहेर यायची. स्वयंपाकघरात स्पिरिटचा वास आला. दारातून बघितलं तर वसंत चिमट्यात काचेची नळी धरून दिव्यावर हलवत होता, नाक मुरडून, तोंड वळवून. नळी त्याने उजेडात धरली.

"निळी आहे गं," त्याने आतून सांगितलं.

मी म्हटलं, आता सिरिंज उकळा.